पैसे ठरलेले, प्रकल्प जास्त: पीआयने क्रम लावायचा कसा आणि कुठे थांबायचं

संचालक मंडळाने सांगितलं, यंदा भांडवली खर्चाला इतकेच पैसे, वर एक रुपया नाही. टेबलावर मात्र त्याच्या दुप्पट रकमेचे प्रस्ताव पडलेले आहेत आणि सगळेच फायद्याचे. अशा वेळी उपयोगी पडतो तो प्रॉफिटेबिलिटी इंडेक्स, म्हणजे पीआय. गुंतवलेल्या एका रुपयामागे आजच्या किमतीत किती रुपये परत येतात, एवढंच तो सांगतो. सूत्र एका ओळीचं आहे. चुका होतात त्या सूत्रात काय घालायचं यात, आणि उत्तर आल्यावर ते कसं वापरायचं यात. म्हणून इथे एकच उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत सोडवलं आहे.

उदाहरणातली कंपनी कल्पित आहे. कळमेश्वर एमआयडीसीत संत्र्याचा रस काढून भरणारा मध्यम कारखाना. काटोल-नरखेडकडून फळ येतं, आंबिया बहाराचं हिवाळ्यात आणि मृग बहाराचं उन्हाळा लागता लागता. मधल्या काळात यंत्रं बरीचशी बसून असतात. कंपनीने यंदा ३४० लाख रुपये बाजूला काढले आहेत. नवीन मुदत कर्ज घ्यायचं नाही, असं प्रवर्तकांनी ठरवलं आहे.

आधी न टाळता येणारा खर्च वजा करा

यादीत सांडपाणी प्रक्रिया केंद्र वाढवण्याचा ४० लाखांचा प्रस्ताव आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्राची ती अट आहे. यातून एक पैसा उत्पन्न येत नाही, त्यामुळे पीआय काढला तर तो शून्याच्या आसपास येईल आणि प्रस्ताव यादीच्या तळाशी जाईल. पण तो केला नाही तर कारखानाच चालणार नाही. असे प्रस्ताव क्रमवारीत घालायचेच नाहीत. ते आधी मंजूर करायचे आणि उरलेल्या पैशासाठी बाकीच्यांना रांगेत उभं करायचं. इथे उरतात ३०० लाख.

एक सावधगिरी मात्र हवी. पीआय कमी आला की आपला प्रस्ताव “अनिवार्य” या खान्यात ढकलण्याची सवय प्रत्येक विभागाला असते. कायद्याची नोटीस, परवान्याची अट किंवा सुरक्षा तपासणीचा लेखी शेरा, यापैकी एखादा कागद असेल तरच अनिवार्य म्हणायचं.

मग प्रत्येक प्रकल्पाचा रोख प्रवाह मांडा

पॅकिंगच्या स्वयंचलित लाइनचं गणित पूर्ण करून पाहू. किंमत ७० लाख, आयुष्य ६ वर्षं, शेवटी भंगाराची किंमत शून्य धरली आहे. वर्षाला मजुरीत १८ लाख वाचतात. वाया जाणारी फिल्म आणि बाटलीत ठरल्यापेक्षा जास्त भरला जाणारा रस मिळून आणखी १५ लाख वाचतात. नव्या लाइनची वीज आणि देखभाल ३ लाख. म्हणजे करापूर्वीची निव्वळ बचत ३० लाख.

कंपनी सवलतीच्या २२ टक्के कराच्या पर्यायात आहे. अधिभार आणि उपकर धरून तो दर २५.१६८ टक्के होतो. हिशेब सोपा राहावा म्हणून आपण २५ टक्के घेऊ. करानंतर बचत उरते २२.५ लाख.

घसारा हा रोख खर्च नाही, पण त्यामुळे कर वाचतो आणि तो वाचलेला कर रोखच असतो. यंत्रांवर साधारणपणे १५ टक्के घसारा मिळतो, तोही दर वर्षी उरलेल्या किमतीवर. पहिल्या वर्षी ७० लाखांवर १०.५ लाख, म्हणजे २.६ लाखांचा कर वाचला. दुसऱ्या वर्षी ५९.५ लाखांवर ८.९ लाख, म्हणजे २.२ लाख. असं ते उतरत जातं. यंत्र आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं गेलं तर पहिल्या वर्षी निम्माच घसारा मिळतो, हे विसरू नका. दिवाळीच्या आसपास येणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत हा फरक पडतोच.

आता १२ टक्के वटाव दराने सगळं आजच्या किमतीत आणायचं. ६ वर्षं दर वर्षी येणाऱ्या १ रुपयाची आजची किंमत ४.१११ रुपये, म्हणून २२.५ लाखांची ९२.५ लाख. घसाऱ्यामुळे वाचणाऱ्या कराची आजची किंमत ७.९ लाख. एकूण १००.४ लाख. यातून ७० वजा केले की निव्वळ आजची किंमत, म्हणजे एनपीव्ही, ३०.४ लाख आणि ७० ने भागलं की पीआय १.४३.

एक्सेलमध्ये हेच करताना B स्तंभात आजची गुंतवणूक आणि C पासून पुढे पहिल्या वर्षापासूनचे प्रवाह ठेवा:

```
=NPV(12%,C2:H2)-B2
=NPV(12%,C2:H2)/B2
```

पहिली ओळ एनपीव्हीची, दुसरी पीआयची. एक्सेलचं NPV हे फंक्शन पहिल्याच आकड्याला एक वर्षाचा वटाव लावतं. म्हणून आजची गुंतवणूक कंसाच्या आत गेली तर ती एक वर्ष पुढे ढकलली जाते आणि उत्तर चुकतं. दुसरा खड्डा जास्त फसवा आहे. मधल्या एखाद्या वर्षी रोख प्रवाह नसेल आणि ती चौकट रिकामी सोडली, तर फंक्शन ते वर्ष मोजतच नाही आणि पुढचे सगळे आकडे एक वर्ष अलीकडे सरकतात. तिथे शून्य लिहायचंच.

छेदात फक्त मर्यादित तिजोरीतला पैसा

पीआयमधली सर्वांत महागडी चूक छेदात होते. नियम असा की ज्या थैलीवर मर्यादा आहे, त्या थैलीतून जेवढा पैसा जाईल तेवढाच छेदात येतो. त्यात सगळा येतो आणि त्याशिवाय दुसरं काही येत नाही.

शीतगृहाचा प्रस्ताव बघा. इमारत, पॅनेल आणि कॉम्प्रेसर मिळून १२० लाख. पण शीतगृह रिकामं ठेवायला बांधत नाहीत. हंगामात ३० लाखांची जादा संत्री घेऊन आत ठेवावी लागतील. हे खेळतं भांडवलही त्याच ३०० लाखांतून जाणार आहे. म्हणजे खरी गुंतवणूक १५० लाख. करानंतर दर वर्षी ३८ लाख, ८ वर्षं, आणि आठव्या वर्षाअखेर साठा मोकळा होऊन ३० लाख परत. आजची किंमत १८८.८ अधिक १२.१, म्हणजे साधारण २०१ लाख. पीआय १.३४.

हिशेब करणाऱ्याने खेळतं भांडवल विसरून फक्त १२० धरले, तर पीआय १८८.८ भागिले १२०, म्हणजे १.५७ येतो आणि शीतगृह यादीत पहिलं होतं. कोणी ते ३० लाख अंशातून वजा करून १२० ने भागतो, त्याचं उत्तर १.४२. एकाच प्रकल्पाची तीन उत्तरं येतात. पहिल्या चुकीत एनपीव्हीही ५१ वरून ६८.८ वर फुगतो, दुसऱ्या चुकीत मात्र तो बदलतच नाही. त्यामुळे नुसता एनपीव्ही पाहून छेदातली चूक सापडेलच असं नाही. ती पकडायची सोपी रीत अशी: यादीतल्या सगळ्या छेदांची बेरीज करा आणि लेखा विभागाला विचारा, हे सगळे प्रकल्प घेतले तर वर्षभरात बँकेतून नेमके इतकेच पैसे जातील का? उत्तर “नाही, याहून जास्त” असं आलं, की कुठेतरी खेळतं भांडवल, वाहतूक, पायाभरणी किंवा चाचणी उत्पादनाचा खर्च सुटला आहे.

फळांचा साठा बँकेच्या कॅश क्रेडिटवर घेता येत असेल तर छेद बदलतो. मग बँक मार्जिन म्हणून जो हिस्सा स्वतःला घालायला लावते तेवढाच आपल्या थैलीतून जातो. उरलेल्या रकमेवरचं व्याज दर वर्षीच्या प्रवाहातून वजा करायचं आणि शेवटी साठा मोकळा झाला की परत येणाऱ्या पैशातून बँकेचं देणं आधी फेडायचं.

जीएसटीचंही असंच. यंत्रावर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळणार असेल तर किंमत कर सोडून घ्या. इमारतीच्या बांधकामावरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, म्हणून शीतगृहाच्या बांधकामाचा खर्च करासकट धरायचा. अनुदान मिळणार म्हणून ते छेदातून वजा करायचा मोह आवरा. अनुदान प्रकल्प उभा राहिल्यावर, कागदपत्रं तपासून झाल्यावर येतं. ठेकेदाराला पैसे त्याआधी द्यावे लागतात. ज्या वर्षी ते हातात पडेल असं वाटतं, त्या वर्षाच्या प्रवाहात ते दाखवा.

आणि आधीच देऊन झालेली सल्लागाराची फी कुठेच धरायची नाही. ती गेली.

दर फुगवून यादी छाटू नका

पैसे कमी आहेत म्हणून काही ठिकाणी १२ ऐवजी १८ टक्के दर लावतात. वाटतं की कमकुवत प्रकल्प आपोआप गळतील. प्रत्यक्षात कमकुवत नव्हे, लांब पल्ल्याचे प्रकल्प गळतात.

आपल्या यादीत छतावरच्या १५० किलोवॉट सौर संचाचा प्रस्ताव आहे, खर्च ७५ लाख. वर्षाला २.१ लाख युनिट, युनिटमागे ८ रुपये वाचतील असं धरलं आहे. सौर यंत्रणेवर ४० टक्के घसारा मिळतो, त्यामुळे कराची बचत पहिल्या काही वर्षांतच बरीचशी पदरात पडते. धुण्या-पुसण्याचा खर्च आणि मध्ये एकदा इन्व्हर्टर बदलणं धरूनही २० वर्षांच्या प्रवाहाची आजची किंमत १२ टक्क्यांनी १०२ लाख येते, पीआय १.३६. तोच प्रकल्प १८ टक्क्यांनी मोजला तर पीआय १.०१ वर येतो. पॅकिंग लाइन मात्र १.४३ वरून १.२२ पर्यंतच उतरते, कारण तिचे पैसे ६ वर्षांत परत येतात. म्हणजे दर चढवून आपण प्रकल्पांची गुणवत्ता नव्हे, त्यांचं वय मोजलं.

दरात प्रकल्पाची जोखीम आणि भांडवलाचा खर्च असू द्या. पैशांची टंचाई दाखवायचं काम मर्यादा करतेच. दोन्हीकडे दाखवली की ती दोनदा मोजली जाते.

आता यादी आणि पहिला घोळ

उरलेले दोन प्रस्ताव थोडक्यात. फर्नेस ऑइलवरचा बॉयलर काढून कापसाच्या पऱ्हाट्यांच्या ब्रिकेटवर चालणारा बॉयलर, ४० लाख. आणि रस काढण्याची दुसरी लाइन, २१० लाख. हंगामात आवक दाटली की फळ परत पाठवावं लागतं, म्हणून उत्पादन विभागाला ती हवी आहे. आकडे लाखांत:

| प्रकल्प | गुंतवणूक | प्रवाहाची आजची किंमत | एनपीव्ही | पीआय |
|---|---|---|---|---|
| ब्रिकेट बॉयलर | ४० | ६२ | २२ | १.५५ |
| पॅकिंग लाइन | ७० | १००.४ | ३०.४ | १.४३ |
| सौर संच | ७५ | १०२ | २७ | १.३६ |
| शीतगृह | १५० | २०१ | ५१ | १.३४ |
| दुसरी रस लाइन | २१० | २६८ | ५८ | १.२८ |

सगळ्यांचे पीआय १ च्या वर आहेत, म्हणजे पैसे असते तर सगळेच करायचे. लागतात ५४५ लाख, आहेत ३००.

एनपीव्हीच्या क्रमाने गेलो तर पहिली येते दुसरी रस लाइन. ती २१० लाख खाते. उरलेल्या ९० मध्ये शीतगृह बसत नाही, पॅकिंग लाइन बसते. एकूण एनपीव्ही ८८.४ लाख. मोठा प्रकल्प रुपयामागे कमी देत असूनही केवळ मोठा म्हणून जागा अडवतो, ही एनपीव्हीच्या क्रमाची अडचण. पीआय हवा तो इथे.

पण पीआयच्या क्रमाने गेलो तर बॉयलर, पॅकिंग लाइन आणि सौर संच मिळून १८५ लाख होतात. पुढचं शीतगृह १५० चं, ते उरलेल्या ११५ मध्ये बसत नाही. त्यापुढची रस लाइन तर नाहीच. एकूण एनपीव्ही ७९.४ लाख आणि ११५ लाख बँकेत पडून. म्हणजे ज्या पद्धतीसाठी एवढा खटाटोप केला, तिने एनपीव्हीच्या क्रमापेक्षाही वाईट उत्तर दिलं.

पीआयचा क्रम हमखास बरोबर ठरतो तो प्रकल्पांचे तुकडे करता येत असतील तेव्हा. शीतगृह बांधायचं तर पूर्ण, नाहीतर नाही. पाऊण कॉम्प्रेसर बसत नाही. अखंड प्रकल्प आले की क्रमवारी हा फक्त पहिला अंदाज असतो आणि खरा प्रश्न होतो: ३०० लाखांत बसणाऱ्या कोणत्या संचाचा एकूण एनपीव्ही सर्वांत जास्त?

जोड्या लावून बघा

पाच प्रकल्पांचे रिकामा धरून ३२ संच होतात. कागदावरही जमतं, कारण बरेचसे ३०० च्या वर जाऊन आपोआप बाद होतात. इथे रस लाइन घेतली की तिच्यासोबत फक्त एकच लहान प्रकल्प बसतो आणि ८८.४ च्या वर जाता येत नाही. ती सोडली तर बाकी चारांची बेरीज ३३५ होते, म्हणजे एकच प्रकल्प वगळायचा आहे. बॉयलर वगळला तर २९५ लाख लागतात आणि एनपीव्ही १०८.४. सौर संच वगळला तर २६० लाख आणि १०३.४. पॅकिंग लाइन वगळली तर २६५ लाख आणि १००. शीतगृह वगळलं तर मघाचे ७९.४.

सर्वांत चांगला संच निघाला पॅकिंग लाइन, सौर संच आणि शीतगृह. यादीत पहिल्या नंबरचा बॉयलर त्यात नाही. बैठकीत हे पटवणं जड जातं, म्हणून हिशेब एका पानावर मांडून ठेवावा: बॉयलर घेतला तर त्याचे २२ लाख मिळतात, पण त्यासाठी निदान सौर संचाचे २७ लाख सोडावे लागतात.

प्रकल्प दहा-बारा झाले की संच हजारांत जातात आणि मग एक्सेलमधला सॉल्व्हर वापरावा, तो सर्वांत चांगला संच स्वतः शोधतो. वेगळ्या शीटवर प्रत्येक प्रकल्पासमोर B स्तंभात गुंतवणूक, K स्तंभात ० किंवा १, आणि J स्तंभात एनपीव्ही:

```
=SUMPRODUCT(B2:B6,K2:K6)
=SUMPRODUCT(J2:J6,K2:K6)
```

पहिली बेरीज ३०० किंवा कमी, K2:K6 वर `bin` ही अट, दुसरी बेरीज जास्तीत जास्त, आणि पद्धत `Simplex LP`. सॉल्व्हरच्या पर्यायांमध्ये `Integer Optimality (%)` हा आकडा सहसा १ असतो. तो ० करा. नाहीतर सॉल्व्हर उत्तमाच्या एक टक्का जवळ पोचला की थांबतो आणि दुसऱ्या क्रमांकाचा संच पहिला म्हणून दाखवू शकतो.

मिळालेलं उत्तर किती चांगलं आहे हे जोखायला पीआयचा क्रम पुन्हा कामाला येतो. तुकडे करता येतात असं क्षणभर समजा. बॉयलर, पॅकिंग लाइन, सौर संच पूर्ण, आणि उरलेल्या ११५ लाखांत शीतगृहाचा ११५/१५० भाग. एनपीव्ही होतो ७९.४ अधिक ३९.१, म्हणजे ११८.५. या यादीतून ३०० लाखांत याहून जास्त मिळवणं कुणालाच शक्य नाही. आपण १०८.४ वर आहोत. मधले १० लाख अखंड प्रकल्पांमुळे अडकलेत.

कोणता प्रकल्प खरंच अखंड आहे?

आकडेमोडीपेक्षा इथे जास्त हाती लागतं, आणि नवशिके नेमकं हेच सोडून देतात. प्रस्ताव पाठवणारा विभाग आपल्याला हवा तो आकार लिहून पाठवतो. तोच एकमेव आकार आहे असं त्यात कुठे म्हटलेलं नसतं.

सौर संच १५० किलोवॉटचाच हवा असं काही नाही. ७५ किलोवॉटचा घेता येतो. मात्र खर्च बरोबर निम्मा होत नाही, कारण आराखडा, परवानगी, मीटर आणि केबल हे खर्च आकाराने फारसे घटत नाहीत. ७५ च्या निम्म्या ३७.५ ऐवजी ४० लाख धरू. प्रवाहाची आजची किंमत ५१, एनपीव्ही ११, पीआय १.२८. एकटा पाहिला तर यादीत शेवटच्या रांगेत. पण आता बॉयलर ४०, पॅकिंग ७०, शीतगृह १५० आणि लहान सौर संच ४० मिळून बरोबर ३०० होतात. एनपीव्ही ११४.४ लाख. सहा लाखांची भर एका फोनवर, ठेकेदाराला “निम्म्या क्षमतेचं कोटेशन द्या” एवढं सांगून.

सॉल्व्हरमध्ये पूर्ण आणि अर्धा सौर संच वेगवेगळ्या ओळींत टाका आणि दोघांच्या ०-१ ची बेरीज १ पेक्षा जास्त नको, अशी अट घाला. नाहीतर सॉल्व्हर एकाच छतावर दोन्ही बसवून मोकळा होईल. एकाऐवजी दुसराच करता येईल अशा कुठल्याही जोडीला हीच अट लागते. अशा जोडीत कधीही नुसता पीआय पाहून निवडू नका. लहान पर्यायाचा पीआय बऱ्याचदा जास्त असतो आणि मोठ्याचा एनपीव्ही.

दुसरी वाट म्हणजे सौर संच स्वतःच्या पैशाने घ्यायचाच नाही. विकासक आपल्या छतावर त्याच्या खर्चाने संच बसवतो आणि ठरलेल्या दराने वीज विकतो. बचत कमी, पण आपल्या थैलीतून जवळपास काही जात नाही. मग बॉयलर, पॅकिंग लाइन आणि शीतगृहाचे १०३.४ आहेतच. त्यावर विकासकाच्या विजेतून होणाऱ्या बचतीची आजची किंमत ११ लाखांपेक्षा जास्त असेल तर हा मार्ग सरस, शिवाय ४० लाख हातात. विकासकाशी दरावर बोलायला बसताना हा ११ चा आकडा खिशात असावा. इथे पीआय काढायला जाऊ नका. छेद शून्याजवळ गेला की तो भलताच मोठा येतो आणि काही सांगत नाही.

प्रकल्प एकमेकांवर परिणाम करतात का तेही विचारा. शीतगृहाचे कॉम्प्रेसर दिवसाही चालतात, त्यामुळे शीतगृह असेल तर सौर वीज कारखान्यातच जास्त वापरली जाते. दोघांचा एकत्र एनपीव्ही सुटा मोजलेल्या बेरजेपेक्षा जास्त येऊ शकतो. उलट शीतगृहामुळे फळ थांबवून ठेवता आलं तर दुसऱ्या रस लाइनची गरज कमी होते. जिथे असा संबंध असेल तिथे “दोन्ही” हा तिसरा प्रकल्प समजून त्याची वेगळी ओळ करा आणि या तिघांपैकी एकापेक्षा जास्त निवडले जाऊ नयेत अशी अट घाला.

पूर्ण ३०० खर्च करणं किती शहाणपणाचं?

वरच्या संचात एक रुपयाही शिल्लक नाही. मर्यादा खरोखर कडक असेल तर हे धोक्याचं आहे. शीतगृहाचं बांधकाम दहा टक्क्यांनी वाढलं तर आणखी पैसे मागायला जागा नाही, आणि अर्धवट शीतगृह काही कमवत नाही. म्हणून निवड आणि खर्चाचा क्रम वेगळा ठेवा. ज्यांचा खर्च वाढण्याची शक्यता जास्त, म्हणजे बांधकाम असलेले प्रकल्प, त्यांची कामं आधी लावा. जो प्रकल्प लहान करता येतो किंवा पुढच्या वर्षावर टाकता येतो त्याची ऑर्डर सर्वांत शेवटी द्या. इथे तो सौर संच. शीतगृह १५ लाखांनी वाढलं तर उरलेल्या २५ लाखांत बसेल तेवढाच संच घ्यायचा.

सोबत मंडळाला एक आकडा जरूर कळवा. मर्यादा ३०० ऐवजी ३३५ असती तर चारही प्रकल्प पूर्ण आकारात झाले असते आणि एनपीव्ही १३०.४ झाला असता. म्हणजे ३५ लाख कमी असल्याची किंमत १६ लाख. प्रवर्तकांनी स्वतः आखलेली मर्यादा असेल तर हा आकडा पाहून ती हलू शकते. बँकेच्या अटीमुळे आलेली असेल तर नाही, पण पुढच्या वर्षीच्या बोलण्यात तो कामाला येतो.

मर्यादा दोन वर्षांची असेल तर

आतापर्यंतचं सगळं एका वर्षाच्या मर्यादेसाठी आहे. समजा शीतगृहाचे १०० लाख यंदा आणि ५० पुढच्या वर्षी लागणार, आणि पुढच्या वर्षासाठीही ६० लाखांचीच मर्यादा आहे. आता एक छेद पुरत नाही. यंदाच्या खर्चाने भागलेला पीआय शीतगृहाला उगाच वर नेईल आणि दोन्ही वर्षांच्या बेरजेने भागलेला पीआय कोणत्या वर्षी टंचाई आहे हे लपवेल. अशा वेळी क्रमवारीचा नाद सोडून सॉल्व्हरमध्ये दुसऱ्या वर्षाच्या खर्चाचा वेगळा स्तंभ घाला आणि त्याच्या बेरजेवर ६० ची दुसरी अट लावा. यंदा पूर्ण झालेल्या प्रकल्पांतून पुढच्या वर्षी येणारी रोख त्या ६० मध्ये मिळवायची का, हे आधी मंडळाकडून लेखी घ्या. बॉयलर आणि पॅकिंग लाइनसारखे लवकर पैसे देणारे प्रकल्प त्या एका उत्तरावर वर-खाली होतात.